सिरी थांबते, तुम्ही पत्ते खेळा!

ओपन-वर्ल्ड गेममधल्या साइड क्वेस्टमुळे गोष्ट रेंगाळते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण खरा दोष साइड क्वेस्टचा असतो का? ‘द विचर ३’ उलगडून बघितला तर उत्तर जरा वेगळं मिळतं.

तुमच्या मानलेल्या लेकीच्या मागे भुतांची अख्खी फौज लागली आहे. ती जिवंत आहे की नाही, हेही तुम्हाला माहीत नाही. घोडा तयार आहे, तलवार पाठीवर आहे. आणि तुम्ही काय करताय? खानावळीत बसून त्या गावातल्या व्यापाऱ्याबरोबर पत्त्यांचा डाव मांडलाय. कारण त्याच्याकडे एक पत्ता आहे जो तुमच्या संग्रहात नाही.

‘द विचर ३: वाइल्ड हंट’ खेळलेल्या प्रत्येकानं हे केलंय. गेराल्ट सिरीला शोधायला निघतो आणि वाटेत ग्वेंट नावाचा पत्त्यांचा खेळ सुरू होतो, विहिरीवरची हडळ निघते, कुणाचा तरी फ्रायपॅन हरवतो. मे २०१५ मध्ये आलेल्या या गेमचं कौतुक ज्या साइड क्वेस्टसाठी होतं, त्याच साइड क्वेस्टमुळे ‘मेन स्टोरीचा धागाच सुटतो’ अशी तक्रारही होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण आहे. ‘जीटीए ६’साठी रॉकस्टारनं १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली आहे. ‘द विचर ४’ची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली आणि यावेळी नायिका खुद्द सिरी आहे. दोन्ही गेम प्रचंड असणार, दोन्हींत मुख्य रस्ता सोडून भटकायला भरपूर जागा असणार. सेमिस्टरच्या अधेमध्ये मिळणारे तुमचे तास कुठे जाणार आहेत, हे आधी समजून घेतलेलं बरं. (पुढे ‘विचर ३’चे आणि थोडे ‘सायबरपंक २०७७’चे स्पॉयलर आहेत. खेळायचे बाकी असतील तर कात्रण जपून ठेवा.)

दोन घड्याळं

कुठल्याही ओपन-वर्ल्ड गेममध्ये दोन घड्याळं चालू असतात. एक गोष्टीतलं. ते ओरडत असतं, ‘लवकर कर, वेळ नाही!’ दुसरं गेमच्या यंत्रणेतलं. ते म्हणतं, ‘आरामात ये, तू आल्याशिवाय काही सुरू होणार नाही.’ सिनेमात ही भानगड नसते. तिथे बॉम्ब फुटायला दहा मिनिटं असतील तर दिग्दर्शक नायकाला भेळ खायला सोडत नाही. गेममध्ये मात्र कॅमेरा तुमच्या हातात असतो आणि भेळवाला समोरच उभा असतो.

हे किती विनोदी होऊ शकतं, ते ‘सायबरपंक २०७७’मध्ये दिसलं. ‘विचर’ बनवणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचाच हा गेम, डिसेंबर २०२० मध्ये आलेला. नायक किंवा नायिका व्हीच्या डोक्यात एक चिप बसते, ती मेंदू पोखरते आणि डॉक्टर सांगतो की हातात काही आठवडेच आहेत. कथा म्हणून जबरदस्त. पण हे वाक्य कानावर पडतं न पडतं तोच नकाशा खुणांनी भरून जातो आणि कामं देणाऱ्यांचे फोन सुरू होतात. शेवटच्या टप्प्याआधी हानाको नावाची बाई ‘एम्बर्स’ या हॉटेलात तुमची वाट बघते. लोक तिला महिनोन्‌महिने तिथे बसवून शहरभर गाड्या उडवत फिरले. ‘हानाको अजून वाट बघतेय’ हा गेमिंगच्या जगातला कायमचा विनोद झाला.

मग गोष्टीतलं घड्याळ खरंच चालू ठेवलं तर? तेही करून झालंय. १९९७ मधल्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये तुमच्या भूमिगत वसाहतीचं पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि नवी शोधायला १५० दिवस मिळतात. ते सरले की गेम संपला. ताण खरा वाटायचा, पण जग बघायची हिंमत होत नसे. ज्या जगासाठी गेम घेतला, तेच बघताना दंड बसायचा. म्हणून पुढच्या बहुतेक गेमनी गोष्टीतलं घड्याळ नुसतं दाखवायचं, चालवायचं नाही, असा मधला मार्ग धरला. सिरी वाट बघते आणि हानाको वाट बघते, त्यामागे हा हिशेब आहे. तुम्हाला आळशी ठरवायचा तो डाव नाही.

तिसरा रस्ता म्हणजे घाईच कमी करायची. निन्टेन्डोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो. राजकन्या झेल्डानं राक्षसाला किल्ल्यात अडकवून धरलेलं आहे, शंभर वर्षं. म्हणजे आणखी चार दिवस गेले तर आभाळ कोसळणार नाही, हे गोष्टच सुचवते. सुरुवातीचं पठार संपलं की हवं तर तुम्ही सरळ किल्ल्यावर चाल करून जाऊ शकता. मार खाल, पण दार उघडं आहे. मग बाकीचं भटकणं तयारी वाटतं, टाळाटाळ वाटत नाही. दोन घड्याळं इथे एकमेकांशी भांडत नाहीत.

म्हणजे गोष्ट रेंगाळल्यासारखी वाटते ती नुसती साइड क्वेस्ट आहे म्हणून नव्हे. गोष्टीनं दिलेली घाई आणि गेमनं दिलेली मोकळीक यांतलं अंतर फार वाढलं की तसं वाटतं. ‘विचर ३’मध्ये हे अंतर मोठं आहे. तरीही बराच काळ ते जाणवत नाही. कसं, ते बघायला त्याच्या पहिल्या गावात जाऊ.

व्हाइट ऑर्चर्डमधली लेना

व्हाइट ऑर्चर्ड हा सुरुवातीचा छोटा प्रदेश. इथे मुख्य काम एवढंच, की येनेफर या जादूगारणीचा माग काढायचा. ती कुठे गेली हे निल्फगार्डच्या सैन्याच्या कप्तानाला ठाऊक आहे, पण तो म्हणतो, आधी या भागात माणसं मारत सुटलेल्या ग्रिफिनचा बंदोबस्त कर. ग्रिफिन म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला राक्षसी प्राणी. त्याला आमिष लावायला एक वनस्पती लागते. तिची माहिती टोमिरा नावाच्या वैदूबाईकडे. ग्रिफिनच्या घरट्याची माहिती मिस्लाव्ह या शिकाऱ्याकडे. दोघं नकाशाच्या वेगवेगळ्या भागांत राहतात.

आता यातली योजना बघा. मुख्य मिशनच तुम्हाला गावभर चालायला लावतं. म्हणजे साइड क्वेस्टसाठी वेगळा फेरा मारावा लागत नाही, त्या वाटेवरच पडलेल्या असतात.

टोमिराच्या झोपडीत शिरलात की खाटेवर एक मुलगी दिसते. लेना तिचं नाव. ग्रिफिननंच तिला फाडलंय आणि ती वाचणार नाही, असं टोमिरा सांगते. गेराल्टकडे ‘स्वॅलो’ नावाचा काढा बनवायची कृती असते, पण विचरांचे काढे साध्या माणसाला विषासारखे. द्यायचा की नाही, तुम्ही ठरवा. दिलात तर यातना होतील, कदाचित जगेल. नाही दिलात तर शांतपणे मरेल. क्वेस्ट संपली. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. बक्षीस किरकोळ.

पण या काही मिनिटांनी मुख्य गोष्टीसाठी केवढं काम केलं! आतापर्यंत ग्रिफिन म्हणजे ‘कप्तानानं सांगितलेलं काम’ होतं. आता त्याला एक जखम आहे, एक चेहरा आहे. पुढे ग्रिफिनशी लढताना तुम्ही येनेफरचा पत्ता मिळवण्याबरोबरच लेनासाठीही लढता. साइड क्वेस्टनं मुख्य कथेचा वेग कमी केला नाही, तिचं वजन वाढवलं.

आणि विषय तिथे संपत नाही. काढा दिला असेल तर कित्येक तासांनंतर व्हेलेन या दुसऱ्या प्रदेशातल्या सैन्याच्या छावणीत लेनावर प्रेम करणारा एक सैनिक भेटतो. ती वाचली, पण तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही, असं तो सांगतो. बक्षीस नाही, नवी क्वेस्ट नाही. फक्त तुमच्या निर्णयाचा हिशेब. ज्या खेळाडूला एकदा असा हिशेब मिळाला, तो पुढच्या प्रत्येक झोपडीत डोकावतो. ‘तिथे काय मिळेल?’ यापेक्षा ‘तिथे काय झालंय?’ हा प्रश्न त्याला ओढून नेतो. खेळायची इच्छा तयार होते ती इथे.

उपकथा म्हणजे आरसा

आपल्याला ही रचना नवी नाही. महाभारतात पांडव वनवासात असताना, द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नल-दमयंतीची गोष्ट सांगतात. कथानक तिथे थांबतं. पण थांबून सांगितलेली गोष्ट कुणाची? द्यूतातच राज्य हरलेल्या दुसऱ्या राजाची. आणि गोष्ट संपल्यावर युधिष्ठिराला बृहदश्वांकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या मिळते. आजच्या भाषेत बोलायचं तर क्वेस्ट रिवॉर्ड! उपाख्यान मुख्य कथेपासून दूर जातं असं वाटतं, पण ते तिच्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनं भिडतं.

‘विचर ३’ची सगळ्यात गाजलेली कथा, ब्लडी बॅरनची, याच जातीची. सिरी त्याच्याकडे राहून गेली, हे बॅरनला माहीत आहे. पण तो म्हणतो, आधी माझी हरवलेली बायको आणि मुलगी शोधून दे. ऐकताना हे ठरावीक ‘माझं काम कर, मग सांगतो’ वाटतं. शोध सुरू झाल्यावर कळतं की त्या दोघी हरवलेल्या नाहीत, त्याच्यापासून पळाल्यात. तो दारू पिऊन बायकोला मारायचा, तिचं मूल पोटातच गेलं, नीट न पुरलेल्या त्या अर्भकाचं पिशाच झालं. तुम्ही ठरवलंत तर बॅरनला स्वतःच्या हातांनी ते उचलून उंबऱ्याशी पुरावं लागतं.

म्हणजे लेकीला शोधणारा एक बाप दुसऱ्या बापाच्या लेकीला शोधतोय आणि वाटेत त्याला दिसतंय की बाप असणं म्हणजे काय काय बिघडवणं असू शकतं. मधूनमधून बॅरन सिरीच्या आठवणी सांगतो आणि तेवढा वेळ गेम तुम्हाला सिरी म्हणून खेळायला देतो. गोष्टीची नाडी सुटू नये म्हणून मारलेली ही गाठ आहे. भटकंती लांबली तरी दर काही वेळानं तुम्ही सिरीच्या पायांनी धावता, म्हणून तिची काळजी विझत नाही.

यातली एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बॅरनच्या कथेचा मोठा भाग मुख्य क्वेस्ट आहे, पण शेवट नाही. बायकोला दलदलीतून परत आणायला बॅरन निघतो, तो भाग साइड क्वेस्ट म्हणून जर्नलमध्ये येतो. सिरीची माहिती तुम्हाला आधीच मिळालेली असते. आता जाण्याची सक्ती नाही. जो जातो, तो त्या घराचं काय झालं हे बघायला जातो. साइड क्वेस्टची खरी कसोटी हीच. सक्ती काढून घेतल्यावरही माणूस जातो का?

राखाडी रंगाची भीती

आता या गेमची दुसरी बाजू. जर्नलमधल्या प्रत्येक क्वेस्टसमोर एक लेव्हल लिहिलेली असते. काम केलं की अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी मिळतात आणि तुमची लेव्हल चढते. ‘विचर ३’मध्ये जास्त एक्सपी मुख्य कथेतून मिळतात. पण एखाद्या क्वेस्टपेक्षा तुम्ही सहा लेव्हल पुढे गेलात की ती जर्नलमध्ये राखाडी दिसू लागते आणि तिचे एक्सपी जवळपास आटतात.

याचा परिणाम काय होतो, बघा. समजा तुम्ही दहाव्या लेव्हलला आहात. सिरीचा माग लागलाय, तुम्हाला खरोखर नोव्हिग्राड शहराकडे जायचंय. पण व्हेलेनमध्ये आठव्या-नवव्या लेव्हलच्या पाच क्वेस्ट पडून आहेत. मुख्य कथा पुढे नेली तर लेव्हल चढेल आणि त्या पाच राखाडी होतील. मग तुम्ही काय करता? ‘आधी या उरकून टाकू.’ याच क्षणी प्रेरणा बदलली. आता तुम्ही त्या क्वेस्ट बघायला जात नाही, त्या वाया जाऊ नयेत म्हणून जाता. संवाद भरभर पुढे ढकलता, लाल ठिपक्यांमागे धावता, यादीवर फुली मारता. कदाचित त्या पाचांत एखादी लेना असेल. पण तुम्ही तिला बघणारच नाही, कारण तुम्ही काम उरकताय.

स्केलिगे बेटांभोवतीचा समुद्र तर याचा कळस. नकाशावर पाण्यात प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. होडी घेऊन जायचं, वर घिरट्या घालणारे उडते राक्षस मारायचे, बुडी मारायची, तस्करांची पेटी उघडायची. पुन्हा पुढचं प्रश्नचिन्ह. इथे लेना नाही, बॅरन नाही. गोष्टच नाही. तरी लोकांनी ती सगळी साफ केली, आणि मग ‘गेम कंटाळवाणा झाला’ असंही तेच म्हणाले.

बक्षीस मिळूनही मजा का जाते? मानसशास्त्रातला १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले तेव्हा बक्षिसाची बोली करून चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ त्यांत रमली. आवडीचं काम बक्षिसासाठी केलं की डोक्यात त्याची जागा बदलते. ते ‘काम’ होतं.

याची मर्यादाही लक्षात ठेवा. मुळात कंटाळवाण्या कामाला बक्षीस लावलं तर बिघडत नाही, कारण बिघडायला तिथे आवड नसतेच. म्हणून एक्सपी वाईट, असा याचा अर्थ नाही. जे आपण कुतूहलानं केलं असतं, त्यावर आकडा लटकवला की कुतूहल मागे पडतं, एवढाच अर्थ.

याच जागेवर धंदा उभा राहू शकतो. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये मुख्य मिशनांना ठरावीक लेव्हल लागायची. लेव्हल कमी पडली की शत्रू मारता मरत नसत, मग पर्याय एकच, बाजूची कामं करा. आणि त्याच वेळी गेमच्या दुकानात खऱ्या पैशांत मिळणारा बूस्टर होता. एकदा घेतला की एक्सपी कायमचे पन्नास टक्के जास्त. गेम बूस्टरशिवायही पूर्ण होतो, हे खरं. पण थोडा विचार करा. साइड क्वेस्ट जर मजेच्या असतील, तर त्या कमी खेळायला लागाव्यात म्हणून कुणी पैसे का मोजावेत? बूस्टर विकला जातो याचा अर्थ, निदान काही खेळाडूंना ती कामं वाटेतला अडथळा वाटताहेत.

याच्या बरोबर उलट टोक पुन्हा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सापडतं. त्या जगात कोरोक नावाचे चिमुकले वनप्राणी लपलेत, एकूण ९००. प्रत्येकाकडून एक बी मिळते. शस्त्रं ठेवायची जागा वाढवायला या बिया लागतात, पण सगळी वाढ ४४१ बियांतच पूर्ण होते. हट्टानं ९०० गोळा केल्या तर काय मिळतं? सोनेरी रंगाची, चक्क शेणाच्या गोळ्यासारखी दिसणारी भेट आणि तिच्याबरोबर एक नाच. गेम जणू मिश्किलपणे म्हणतो, बक्षिसासाठी आला असाल तर हे घ्या. डोंगराच्या टोकावरचा विचित्र दगड बघून ‘इथे काहीतरी असणार’ असं वाटलं, तोच खरा आनंद होता.

मुख्य रस्ताच भरकटतो तेव्हा

गंमत म्हणजे ‘विचर ३’मध्ये गोष्ट सगळ्यात जास्त रखडते ती साइड क्वेस्टमुळे नाही. नोव्हिग्राडला पोचल्यावर सिरीला शोधायचं, त्यासाठी आधी डँडेलियन या शाहिराला शोधायचं, त्यासाठी त्याच्या मैत्रिणींकडे जायचं, गुंडांच्या टोळ्यांशी भिडायचं. पुढे रूप बदलणाऱ्या एका प्राण्याला बाहेर काढायला गेराल्ट चक्क एक नाटक बसवतो, नट गोळा करतो आणि स्वतः रंगमंचावर उभा राहतो. प्रसंग म्हणून तो फार मजेदार आहे. साइड क्वेस्ट असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता. पण हे सगळं मुख्य कथेत, सक्तीचं आहे. आणि ते टाळून कथा पुढे न्यायची सोय नाही.

साइड क्वेस्टमध्ये रेंगाळलात तर तो तुमचा निर्णय असतो, त्यामुळे त्याचा राग येत नाही. मुख्य क्वेस्ट रेंगाळली की वाटतं, कुणीतरी आपला वेळ खातंय. तेवढीच मिनिटं, पण एकदा तुमची आणि एकदा गेमची.

स्टुडिओच्याही हे लक्षात आलं. ‘विचर ३’ची मुख्य कथा फार लांब आहे, अशा तक्रारी आल्या आणि खूप जण ती पूर्ण करत नाहीत हेही दिसलं. म्हणून ‘सायबरपंक’ची मुख्य कथा मुद्दाम थोडी छोटी ठेवली, असं त्यांचे क्वेस्ट डिझायनर पॅट्रिक मिल्स यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं. उपाय केला तो मुख्य कथेला कात्री लावायचा. बाजूच्या गोष्टींचं महत्त्व तर उलट वाढवलं. पॅनम या भटक्या टोळीतल्या मुलीच्या सगळ्या क्वेस्ट केल्यात, तरच तिच्या टोळीबरोबरचा शेवट उघडतो. म्हणजे मरणाच्या दारातल्या व्हीला शेवटी कोण साथ देणार, हे बाजूच्या रस्त्यांवर ठरतं. याची सुरुवात ‘विचर ३’मध्येच झाली होती. केर मोर्हेन किल्ल्यावरच्या मोठ्या लढाईत कीरा ही जादूगारण येते, पण तुम्ही आधी तिच्या साइड क्वेस्ट करून तिला तिकडे धाडलं असेल तरच.

हा उपाय चांगला आहे, पण त्यालाही किंमत आहे. मुख्य शेवट साइड क्वेस्टवर अवलंबून आहे हे एकदा कळलं, की लोक गाइड उघडून बसतात. ‘चांगल्या’ शेवटासाठी नेमकं काय काय करायचं, याची यादी करतात. पॅनमशी मैत्री होते ती आवडली म्हणून नाही, एंडिंगसाठी. राखाडी रंगाची भीती दुसऱ्या दारानं परत आली.

हातात कंट्रोलर असताना

तर मग पुढचा मोठा गेम हातात आला की काय बघाल?

सगळ्यात आधी गोष्टीनं किती घाई लावलीय आणि ती घाई गेम किती गंभीरपणे घेतो, हे पहिल्या दोन-तीन तासांत कळतं. घाई मोठी आणि मोकळीकही मोठी असेल, तर गोष्टीतल्या विसाव्याच्या जागा शोधा. ‘विचर ३’मध्ये एखादा मागोवा संपून दुसरा सुरू व्हायच्या मधे अशी जागा असते. ‘सायबरपंक’मध्ये समोरचा माणूस ‘मी फोन करतो, तोवर थांब’ म्हणतो, तेव्हा असते. बाजूची कामं तिथे केलीत तर दोन्ही घड्याळं जुळतात. सिरीचा ताजा माग लागलेला असताना मात्र पत्ते खेळू नका. गेम अडवणार नाही, पण तुमच्याच डोक्यातली गोष्ट थंड होईल.

दुसरं, तीन-चार साइड क्वेस्ट करून झाल्या की स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. यातल्या एकाही माणसाचं नाव आठवतंय का? लेना आठवते, बॅरन आठवतो. तस्करांची सतरावी पेटी कुणालाच आठवत नाही. नाव आठवत नसेल तर ती क्वेस्ट तुम्ही आकड्यासाठी केलीत. तशी एखादी केली तर हरकत नाही, पण त्यांची रांग लागली की समजा, प्रेरणा हातातून निसटतेय.

मग नकाशावरची प्रश्नचिन्हं बंद करा. ‘विचर ३’च्या नकाशात खुणा लपवायची सोय आहे. खुणा गेल्या की दिसतं ते जग: टेकडीवरचा धूर, फासावर लटकलेली प्रेतं, कुणाच्या तरी रडण्याचा आवाज. तिकडे जावंसं वाटलं तर जा. नाही वाटलं तर सिरीकडे जा. आणि राखाडी झालेली क्वेस्ट राखाडीच राहू द्या. तिचे एक्सपी गेलेत, गोष्ट गेलेली नाही. खरं तर एक्सपी गेल्यावरही ती खेळाविशी वाटत असेल, तर ती नक्की खेळा. तेवढी एकच तुम्ही स्वतःसाठी निवडलेली आहे.